तीनही उदाहरणांत माफी, म्हणून प्रत्येक उत्तरात माफी

«प्रॉम्प्टमध्ये तुमची बेस्ट तीन-चार उदाहरणं टाका, क्रम कुठलाही चालेल. मॉडेल त्यातून फक्त काम काय आहे ते शिकतं, भाषा स्वतःची वापरतं. जमलं नाही तर उदाहरणं वाढवा.»

एआय भाषा-मॉडेल वापरणाऱ्यांसाठीचा हा सल्ला माझ्या धाकट्या भावाने वाचला आणि तसंच केलं, म्हणून हा लेख. नाहीतर असले सल्ले रोजच फिरत असतात.

आधी भाषेचा मुद्दा, कारण सगळं नुकसान तिथेच झालं. भाऊ ग्राहकांच्या मेलला उत्तरांचे मसुदे मॉडेलकडून करून घेतो. त्याने टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाची तीन उत्तरं निवडली आणि मॉडेलला द्यायच्या मजकुरात, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, उदाहरणं म्हणून टाकली. त्यातलं शेवटचं असं होतं:

```
ग्राहक: मुदत संपली, पण पैसे परत मिळतील का?
उत्तर: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.
मात्र नियमानुसार हे शक्य नाही. धन्यवाद.
```

उरलेली दोन उशिरा आलेल्या आणि फुटलेल्या पार्सलबद्दलची. तिथे दिलगिरी योग्यच. पण पुढे कोणीतरी विचारलं, «बिलावरचं नाव बदलून मिळेल का?» नाव बदलता येतं, हे त्याच प्रॉम्प्टमध्ये वर सूचनांत लिहिलेलं होतं. तरी मसुदा आला: झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, मात्र नियमानुसार नाव बदलता येणार नाही, धन्यवाद. त्रास कसला? माणसाने साधी चौकशी केली होती. पासवर्ड कसा बदलायचा या प्रश्नाचंही तेच. टप्प्याटप्प्याने सांगायची गोष्ट एका वाक्यात कोंबली, आणि आधी माफी होतीच.

हे का होतं? मॉडेल समोरच्या मजकुरात जे सारखं दिसतं ते पुढे चालवतं. तीनही उत्तरांत माफी, तीनही आखूड, तीनही धन्यवादावर संपणारी. यातलं काय आपण मुद्दाम ठेवलं आणि काय योगायोगाने आलं, हे त्याला कोण सांगणार? आणि «बेस्ट» म्हणून एकाच माणसाची उत्तरं उचलली की असे योगायोग वाढतातच. भाऊ सूचनांमध्ये «गरज असेल तरच माफी मागा» असं लिहून बसला. फरक पडला, पण थोडा. सूचना एक सांगते, उदाहरणं तीनदा दुसरंच दाखवतात.

क्रम कुठलाही चालेल म्हणे! २०२१ साली झाओ, वॉलेस आणि सहकारी संशोधकांनी जीपीटी-३ या तेव्हाच्या भाषा-मॉडेलवर नेमकं हेच तपासलं होतं. काम सोपं: चित्रपटाबद्दलचं वाक्य चांगलं बोलतंय की वाईट, एवढंच ओळखायचं. उदाहरणं तीच, फक्त क्रम बदलला, तर अचूकता ५४ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत हलली. ५४ म्हणजे जवळपास नाणेफेक. आणखी एक मजेशीर निकाल आहे. चारपैकी तीन उदाहरणं «चांगलं» आणि शेवटचं एक «वाईट» ठेवलं, तर मॉडेलची जवळजवळ ९० टक्के उत्तरं «वाईट» आली. बहुमत एकीकडे, शेवटच्या उदाहरणाचं वजन दुसरीकडे. नकाराचं उदाहरण शेवटी ठेवून भावाने स्वतःसाठी हेच करून ठेवलं होतं. आजची मॉडेलं असल्या सोप्या वर्गीकरणात एवढी डगमगत नाहीत, हे कबूल. पण उत्तराची लांबी, सुरुवात आणि सूर अजूनही उचलतात.

उदाहरणं वाढवण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. एकाच साच्यातली दहा टाकलीत तर साचा अजून घट्ट होतो.

एक अर्धं सत्य मात्र त्या सल्ल्यात आहे, नाइलाजाने मान्य करतो. उत्तराचा ठरावीक आराखडा हवा असेल, तर दोन-तीन उदाहरणं पानभर सूचनांपेक्षा लवकर काम करतात. पण तेही याच कारणाने, म्हणजे मॉडेल रूप उचलतं म्हणून. ते कामापुरतं उपयोगी आणि भाषेपुरतं बंद, असं होत नसतं.

मग आम्ही काय केलं? जे प्रत्येक उत्तरात हवं, म्हणजे आदरार्थी भाषा आणि पहिल्याच वाक्यात थेट उत्तर, ते सगळ्या उदाहरणांत सारखं ठेवलं. बाकी सगळं मुद्दाम वेगवेगळं केलं: एक लांब, पायऱ्यांचं, एक एकाच ओळीचं, एक माफीचं, एक साधा होकार. नकार मधे ढकलला आणि शेवटी रोज येणारी साधी चौकशी ठेवली. मग तेच जुने मेल दोन-तीन वेगळ्या क्रमांनी चालवून मसुदे शेजारी ठेवले. क्रम बदलला की होकाराचा नकार होत असेल, तर दोष उदाहरणांत आहे.

याहून झटपट तपासणी त्याच संशोधनातून सुचते. ग्राहकाच्या मजकुराच्या जागी नुसतं `N/A` टाका. ज्यात विचारलेलंच काही नाही, त्यालाही मॉडेल माफी मागून नकार देत असेल, तर तो नकार ग्राहकाच्या प्रश्नातून नक्कीच आलेला नाही. भावाचा जुना प्रॉम्प्ट अजून ठेवलेला असेल, तर त्याने हे आजच करून बघावं.