छत्री पेलायची असते म्हणे

परवा नाशिकच्या होळकर पुलावर माझी छत्री उलटी झाली. तशी ती दरवर्षीच होते, पण या वेळी साक्षीदार होता आणि तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

पंचवटीत मावशीकडे निघालो होतो. रविवार कारंजापर्यंत दुकानांच्या आडोशाने वारा फारसा कळत नाही. पुलावर मात्र धरणाच्या बाजूने पात्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारं कोणीच नसतं. माझ्या तीन घड्यांच्या छत्रीने फट्ट केलं आणि आभाळाकडे वाटी केली.

"केवढ्याला घेतली?"

पासष्टीचे काका. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर वाकड्या लाकडी मुठीची लांबलचक काळी छत्री.

"अडीचशे," मी म्हणालो. खरं तर साडेतीनशे, पण मोडकी वस्तू स्वस्तातली असलेली बरी.

"तरीच."

मला वाटलं संपलं. पण काकांनी माझ्या हातातून छत्री घेतली आणि भर पावसात तिचं शवविच्छेदन मांडलं. "ही काडी दोन ठिकाणी मुडपते. काड्या आठ. म्हणजे मोडायला जागा किती?"

"सोळा," मी म्हणालो. छत्री माझी, आणि तोंडी परीक्षाही माझीच.

"त्यात काडी पत्र्याची, पन्हळीसारखी. एकदा मुरडली की कायमची मुरडली. फायबरची घ्यायची. ती वेतासारखी वाकते आणि परत येते. घेताना दुकानातच एक काडी हाताने वर वाकवून बघायची. दुकानदार ओरडला तर समजायचं, पत्रा आहे."

ज्ञान खरं होतं, हेच वाईट. कारण ते मिळत असताना काकांच्या काळ्या छत्रीच्या एका टोकावरून बारीक धार थेट माझ्या कॉलरमध्ये पडत होती. सरकायला जागा नव्हती. एका बाजूला कठडा आणि मागे लोक तुंबलेले.

"आणि छत्री धरायची नसते, पेलायची असते," काका म्हणाले. "झोत आला की टोक वाऱ्याकडे करायचं आणि कापड पार खांद्यापर्यंत खाली घ्यायचं. कापडाखाली वारा शिरला की संपलं. हे असं!"

त्यांनी 'हे असं' करून दाखवलं. तीन माणसं वाकली. चौथीच्या ओढणीत काडी अडकली. "अहो काका!" ती ओरडली. काकांनी शांतपणे ओढणी सोडवली आणि तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे मधे उभे राहिले ना."

मी! मग माझ्या हातात उलटी छत्री परत देऊन "दुतोंड्या किती बुडाला बघतो" म्हणत ते निघून गेले. पूर मीटरमध्ये मोजणारे मोजोत, नाशिककर तो गोदापात्रातल्या या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरच मोजतो. मावशीने दार उघडल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, "छत्री नाही नेलीस का रे?"

काकांची भारदस्त छत्री तरी मेन रोडवर काय करणार आहे? उघडली की साडेतीन फूट. समोरून दुसरी आली की सात. आणि फुटपाथ, जिथे आहे तिथे, विकायला मांडलेल्या बादल्या वगळता दीड. मग उंच माणसाने छत्री वर करायची, बुटक्याने खाली, आणि मधल्या उंचीच्या माझ्यासारख्याच्या बरोबर डोळ्यांच्या पातळीवर काड्यांची टोकं. चालणाऱ्याला उभं राहायलाच जागा ठेवलेली नाही, तर तो पेलणार काय, कपाळ?

म्हणून रेनकोट घेतला. काकांच्या धसक्याने नीट बघून घेतला. उलटा करून शिवणींवरून बोट फिरवलं. आतून पट्टी चिकटवलेली असावी लागते, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं, पहिल्यांदा खांद्यावर, जिथे पिशवीचा पट्टा दाबतो. पट्टी होती.

काल सीबीएसवरून मेन रोडला पायी गेलो. गर्दीत रेनकोट खरंच बरा. कुणाच्या ओढणीला लागत नाही, दोन्ही हात मोकळे, वारा कितीही आला तरी उलटा होत नाही. पण जे पाणी आत येऊ देत नाही ते वाफही बाहेर जाऊ देत नाही. शालिमारपर्यंत शर्ट आतून ओला. शिवाय मान वळवली तरी टोपी वळत नाही. मागून रिक्षा येतेय का म्हणून बघायला गेलो, तर टोपीचं अस्तर दिसलं. रिक्षा फक्त ऐकू आली.

तरी छत्रीपेक्षा हेच, असं ठरवून टाकलं. उकडत होतं म्हणून टोपी मागे टाकली आणि भांड्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो. पाऊस कमी होईना. निघावं म्हणून टोपी परत डोक्यावर ओढली. पत्र्याची पागोळी इतका वेळ बरोबर तिच्यात पडत होती, आणि जमलेलं सगळं पाणी पुन्हा त्याच कॉलरमध्ये गेलं.