नुसत्या वेगावरून थांबे सापडत नाहीत

«लोकेशन हिस्ट्रीतून थांबे काढायला डोकं लावायची गरज नाही. दोन नोंदींमधला वेग काढा. ताशी ५ किमीच्या खाली असेल तर थांबा, वर असेल तर प्रवास. ५ मिनिटांपेक्षा छोटे थांबे उडवा. सगळ्या फोनना चालतं.»

या सल्ल्यातलं आधी वेगाचं बघू. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात ११:०० ते ११:२५ फोन टेबलावर पडून आहे असं धरा. सिमेंटच्या छताखाली accuracy ३५ ते ४० मीटर येते, म्हणजे खरी जागा बहुतेक वेळा तेवढ्या त्रिज्येच्या आत कुठेतरी आहे. ११:००:०० ची नोंद एका जागी पडली आणि ११:००:२० ची ५० मीटर पूर्वेला. २० सेकंदांत ५० मीटर म्हणजे ताशी ९ किमी. पुढची नोंद परत ४५ मीटर मागे, ताशी ८ किमी. टेबलावरचा फोन असा पळत सुटतो. अधूनमधून दोन नोंदी जवळ पडल्या की मिनिटभराचा «थांबा» दिसतो, पण तो ५ मिनिटांच्या चाळणीत गळून जातो. २५ मिनिटं बसलेला माणूस त्या हिशेबात दुकानात गेलेलाच नसतो.

म्हणून वेग बाजूला ठेवून अंतर आणि मुक्काम धरायचा. पहिल्या नोंदीपासून D मीटरच्या आत फोन किती वेळ राहिला, एवढंच मोजायचं:

```python
def thambe(p, D=100, T=300):
    out, i = [], 0
    while i < len(p):
        j = i + 1
        while j < len(p) and dist(p[i], p[j]) <= D:
            j += 1
        if p[j-1].t - p[i].t >= T:
            out.append((p[i].t, p[j-1].t))
            i = j
        else:
            i += 1
    return out
```

`dist` म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर मीटरमध्ये, `t` म्हणजे नोंदीची वेळ सेकंदांत, आणि T म्हणजे थांबा धरायला लागणारा किमान वेळ, इथे ५ मिनिटं. वरच्या उदाहरणात दुकानातल्या सगळ्या नोंदी १०० मीटरच्या आत राहतात आणि २५ मिनिटांचा एकच थांबा मिळतो. अंतर `p[i]` पासूनच मोजा, आधीच्या नोंदीपासून नाही. नाहीतर रमतगमत चालणाऱ्याचं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाजवळच असतं आणि राजवाडा ते पोवई नाका हा एकच लांबलचक थांबा होऊन बसतो.

हा कोड एका गोष्टीला हळवा आहे. मधेच टॉवरवरून आलेली एखादी नोंद ३ किमी लांब पडली की थांब्याचे दोन तुकडे होतात. अशा नोंदीची accuracy बहुधा शेकडो मीटरांत असते, त्यामुळे D पेक्षा मोठी accuracy असलेल्या नोंदी आधीच गाळा. वेगाचा खरा उपयोग इथे होतो. ३० सेकंदांत ३ किमी म्हणजे ताशी ३६० किमी, आणि लगेच परत मूळ जागी? ती नोंद काढून टाकायची.

आता नोंदी नसलेल्या वेळेचं. हलत नसलेला फोन बॅटरी वाचवायला नोंदी कमी करतो, आणि पोवई नाक्याच्या भुयारी मार्गात उपग्रह दिसतच नाहीत. शेवटची नोंद ११:२५ ला दुकानात आणि पुढची ११:५५ ला २ किमीवर आली, तर सरासरी ताशी ४ किमी निघते. वेगाचा नियम याला अर्ध्या तासाचा थांबा म्हणेल. कुठे, हे मात्र सांगता येणार नाही. दुचाकीवर हे अंतर ८-१० मिनिटांचं. उरलेली वीसेक मिनिटं दुकानात गेली की पोचल्यावर, हे या दोन नोंदींतून कळूच शकत नाही. तेवढा वेळ «माहीत नाही» म्हणूनच लिहावा. पोकळीच्या दोन्ही टोकांच्या नोंदी D च्या आत असतील तर वरचा कोड तो वेळ थांब्यात धरतो, आणि ते बहुतेकदा बरोबर असतं. पण मधे फोन बंद करून कुणी जाऊन आलं असेल तर ते दिसणार नाही. दिवसा २ तासांपेक्षा मोठी पोकळी असेल तर त्या थांब्यावर खूण ठेवा.

राहिली ५ मिनिटं. सातारा-सांगली एसटी कराड स्थानकात दहा मिनिटं उभी राहिली तर तो थांबा आहे, पण प्रवाशाचं ते ठिकाण नव्हे. प्रवास मोजायचे असतील तर T १५ मिनिटांवर न्या. उलट दूध गोळा करणारी गाडी गावोगाव ३ मिनिटं थांबते, तिला T २ मिनिटं आणि D ४० मीटर लागेल. तेही नोंदी ३०-४० सेकंदांनी येत असतील तरच. दोन नोंदींमधल्या वेळेच्या तिप्पट तरी T हवा. दर ४ मिनिटांनी नोंद देणाऱ्या फोनमधून ३ मिनिटांचा थांबा निघत नाही, कोड कितीही खटपटीचा असो.

«सगळ्या फोनना» हे तर राहूच द्या. आपल्या फोनचा D आपणच मोजावा: आठवडाभरातल्या घरी काढलेल्या रात्रींच्या १ ते ४ च्या नोंदी घ्या, त्यांचा मध्यक बिंदू काढा, आणि १०० पैकी ९५ नोंदी ज्या अंतरात येतात त्याची दीडपट धरा. वेळ UTC मध्ये असेल तर आधी साडेपाच तास मिळवा, नाहीतर «रात्र» म्हणून सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या नोंदी हाती येतील. मग कोड चालवून बघा. झोपेच्या वेळेतही घरचा थांबा चार-पाचदा तुटत असेल तर D अजून लहान आहे, किंवा लांब पडलेल्या नोंदी गाळायच्या राहिल्यात.