पंचवीसची उचकी

मित्राने फोन केला, "अरे तुझे शॉट्स सेकंदाला पंचवीस फ्रेमचे आहेत, माझी टाइमलाइन तीसची, जरा बदलून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांचं काम म्हटलं की माझा रविवार जातो हे आता मला कळायला हवं होतं.

मी आपलं एक्सपोर्टमध्ये ३० केलं आणि मोकळा झालो. बायको मागून बघत होती, म्हणाली, "व्हिडिओला उचकी लागलीय का?" लांबलचक लाकडी कुंपणावरून कॅमेरा संथपणे फिरतो तो शॉट होता, आणि खरंच, कुंपण सरकतंय, सरकतंय, अडखळतंय. बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली तेव्हा चोर सापडला. पाच फ्रेमच्या सहा करायच्या म्हणून सॉफ्टवेअरने दर पाचवी फ्रेम दोनदा चिकटवली होती, म्हणजे बाकीच्या फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसतात आणि ही एकटी ६७, सेकंदाला पाच उचक्या.

मग म्हटलं मधल्या फ्रेम नव्याने बनवून घेऊ.

```
ffmpeg -i in.mp4 -vf "minterpolate=fps=30:mi_mode=mci" out.mp4
```

लॅपटॉपचा पंखा इतका ओरडला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. माणूस मोकळ्या मैदानातून चालतो तो शॉट मात्र लोण्यासारखा आला. कुंपणाचं काय झालं विचारू नका, फळ्या वितळून एकमेकींत शिरत होत्या. बरोबरच आहे म्हणा, सगळ्या फळ्या सारख्याच, त्यामुळे यातली कुठली तिथे गेली हे त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला कळणार कसं! आणि या पद्धतीत दर सहा फ्रेमपैकी एकच मूळ वेळेवर पडते, उरलेल्या पाच अंदाजपंचे, त्यामुळे अंदाज चुकला की लपायला जागा नाही.

मुलाखतीच्या शॉट्सना मी हे केलंच नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा, खुर्चीत माणूस, हलतात फक्त ओठ आणि अधूनमधून भुवया, तिथे सरळ डुप्लिकेट फ्रेम दिल्या, बायकोलाही उचकी दिसली नाही (आणि तिला सगळं दिसतं). स्लाइड्स, स्थिर स्क्रीन रेकॉर्डिंग यांनाही तेच. फक्त खालून वर सरकणारी नावं असतील तर हात लावू नका, ती कुंपणाची सख्खी बहीण.

कुंपण राहिलंच होतं. रात्री अकराला सुचलं, त्या शॉटला आवाज कुठाय? मग एकही फ्रेम न वाढवता त्याच फ्रेम तीसच्या वेगाने चालवल्या, १२ सेकंदांच्या ३०० फ्रेम १० सेकंदांत संपल्या, उचकी गायब, एकही फळी वितळली नाही. कॅमेरा थोडा लगबगीने फिरतो एवढंच, आणि कुंपणामागून निवांत फिरायला निघालेले ते आजोबा आता गाडी सुटल्यासारखे चालतात. मित्राला अजून सांगितलेलं नाहीये.