कारखान्याचे एमडी, बँकेचे एजीएम आणि पगारी ‘भागीदार’

“मराठी व्हिजिटिंग कार्ड छापताना डोकं लावायची गरज नाही. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे कार्यकारी संचालक, जनरल मॅनेजर म्हणजे सामान्य व्यवस्थापक, पार्टनर म्हणजे भागीदार. शब्दाला शब्द ठेवा. मराठीचं इंग्रजी करतानाही हाच तक्ता उलटा वापरा. कार्डावरचं पद शोभेसाठी असतं, त्यात कायदा बघायला कोण येतंय?”

पदनामं भाषांतरित करण्याबद्दल असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातल्या तक्त्याची पहिली ओळ साखर पट्ट्यात कुणीतरी लिहिली असावी, कारण तिथे ती खरी आहे. मी कोल्हापुरात एका छापखान्यासाठी दोन भाषांची कार्डं आणि लेटरहेड बनवतो. सहकारी साखर कारखान्याची कुठलीही टेंडर नोटीस काढून बघा. मराठी नोटिशीखाली ‘कार्यकारी संचालक’ असतं आणि त्याच नोटिशीच्या इंग्रजी प्रतीवर ‘मॅनेजिंग डायरेक्टर’. बोलताना तर सगळे ‘एमडी साहेब’च म्हणतात. गंमत म्हणजे हे साहेब सभासदांनी निवडून दिलेल्या संचालकांपैकी नसतात. ते पगारी अधिकारी असतात. संचालक मंडळ आणि त्याचे चेअरमन वेगळे.

हाच शब्द कंपनीच्या कार्डावर आला की अर्थ बदलतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मॅनेजिंग डायरेक्टर हा आधी संचालक मंडळावरचा संचालक असावा लागतो. मग कंपनीच्या नियमावलीतून, करारातून किंवा ठरावातून कारभाराचे भरीव अधिकार त्याच्याकडे दिलेले असतात. नुसत्या चेकवर सह्या करायचा अधिकार त्यात धरत नाहीत, तेही कायद्यात लिहिलं आहे. एका वेळी ही नेमणूक पाच वर्षांपेक्षा जास्त काळाची नसते. याला मराठीत व्यवस्थापकीय संचालक म्हणतात. एसटी महामंडळाचे, सिडकोचे ‘उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक’ आपण बातम्यांत वाचतो, तेच पदनाम. कंपनीतला कार्यकारी संचालक म्हणजे एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, पूर्णवेळ काम करणारा संचालक. एकाच कंपनीत दोन्ही पदं असू शकतात, आणि दोन माणसांकडे असू शकतात.

म्हणजे एकाच तालुक्यात शेजारी शेजारी दोन कारखाने असतील, एक सहकारी आणि एक खाजगी, तर दोघांच्या ‘कार्यकारी संचालकां’चं इंग्रजी वेगळं होऊ शकतं. ओळखायचं कसं? आधी संस्थेचं पूर्ण नाव वाचायचं. ‘सहकारी साखर कारखाना लि.’ असेल तर एमडी असण्याची शक्यता मोठी. ‘प्रा. लि.’ किंवा ‘शुगर्स लि.’ असेल तर थांबायचं आणि त्यांचं इंग्रजी लेटरहेड मागवायचं. कंपनीबद्दल शंका उरलीच तर mca.gov.in वर कंपनीचं नाव टाकलं की संचालकांची यादी मिळते. कार्डावरचा माणूस त्या यादीत नसेल तर ‘व्यवस्थापकीय संचालक’ छापायच्या आधी त्यालाच फोन करावा. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला तर संचालकच नसतो, मग व्यवस्थापकीय कुठून येणार? तिथे ‘मालक’ हा सरळ शब्द आहे. पण तो छापायला हल्ली लोकांना कमीपणा वाटतो.

आता ‘सामान्य व्यवस्थापक’. हे वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर काहीच खास न जमणारा मॅनेजर येतो. जनरल या शब्दाला मराठीत एकच जोड नाही. सगळ्या खात्यांवर नजर ठेवणाऱ्या पदाला आपण ‘महा’ लावतो: महाव्यवस्थापक, महासंचालक, महालेखापाल, महाधिवक्ता. पक्षात किंवा संघटनेत तोच जनरल ‘सर’ होतो आणि सरचिटणीस म्हणून मिरवतो. सभेला लागला की सर्वसाधारण सभा. ‘सामान्य’ही चुकीचा नाही, पण तो खात्याला किंवा इमारतीला चालतो: सामान्य प्रशासन विभाग, सामान्य रुग्णालय. माणसाला मात्र लावू नये. मध्य रेल्वेचे आणि बेस्टचे महाव्यवस्थापक वर्षानुवर्षं महाव्यवस्थापकच आहेत. तिथे नवा शब्द शोधायचं कारण नाही.

या पदात खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते, आणि तो तक्ता तिच्याबद्दल गप्प आहे. गिऱ्हाईक कागदावर ‘एजीएम’ एवढंच लिहून देतं. बँकेत एजीएम म्हणजे असिस्टंट जनरल मॅनेजर, म्हणजे सहायक महाव्यवस्थापक, आणि तो उपमहाव्यवस्थापकाच्या खालचा. एनटीपीसीसारख्या सरकारी कंपनीत तीच तीन अक्षरं अ‍ॅडिशनल जनरल मॅनेजरसाठी वापरतात, आणि तो उपमहाव्यवस्थापकाच्या वरचा. त्याला अपर महाव्यवस्थापक म्हणायचं. आपण अंदाजाने ‘सहायक’ छापलं तर त्या माणसाला त्याच्या हाताखालच्याच्याही खाली बसवलं. त्यामुळे लघुरूप आलं की मी काम पुढे नेतच नाही. पूर्ण पदनाम लिहून घेतो आणि त्याच्या लगेच वर कोण, खाली कोण, एवढं विचारतो. दोन मिनिटांचं काम आहे.

बँकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. राष्ट्रीयीकृत बँकेचं कार्ड बहुतेकदा इंग्रजी आणि हिंदीत असतं. त्यावरचे ‘महाप्रबंधक’, ‘प्रबंध निदेशक’, ‘शाखा प्रबंधक’ हे हिंदी शब्द आहेत. लिपी तीच असल्यामुळे ते मराठी कार्डावर तसेच उचलले जातात आणि प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतात. मराठीत महाव्यवस्थापक, व्यवस्थापकीय संचालक, शाखा व्यवस्थापक. सहकारी बँकेत शाखाधिकारी. कार्डावर कुठेही ‘निदेशक’ दिसला की मजकूर हिंदीवरून आला आहे असं समजावं आणि बाकीच्या ओळीही तपासाव्यात.

आता शोभेची गोष्ट. भागीदार हा शब्द मी सगळ्यांत जपून छापतो.

उद्यमनगरातली एक फर्म. वडील आणि दोन मुलगे भागीदार. खरेदी बघतो तो वडिलांचा भाचा, पगारावर. कार्डाच्या मजकुरात भाच्याच्या नावाखाली इंग्रजीत ‘पार्टनर’ आणि मराठीत ‘भागीदार’ असं लिहून आलं. मी मामांना विचारलं, “भागीदारीच्या करारात, डीडमध्ये, यांचं नाव आहे का?” ते म्हणाले, “नाही हो, पगार घेतो. पण घरचाच पोरगा आहे, पार्टनर लिहिलं की बाहेर वजन पडतं.”

वजन पडतं हे खरंच. ते कुणावर पडतं ते बघा. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चं कलम २८ सांगतं की जो माणूस बोलून, लिहून किंवा वागण्यातून स्वतःला फर्मचा भागीदार म्हणवतो, किंवा दुसऱ्यांना जाणूनबुजून तसं म्हणवू देतो, तो त्यावर विश्वासून फर्मला उधारी देणाऱ्याला भागीदारासारखाच जबाबदार असतो. समजा भाच्याने हे कार्ड देऊन एका व्यापाऱ्याकडून सहा लाखांचं लोखंड ४५ दिवसांच्या उधारीवर उचललं आणि फर्मने पैसे थकवले. व्यापारी फर्मवर आणि तिन्ही भागीदारांवर दावा लावेलच. पण त्याने कार्डावर भरवसा ठेवून माल दिला होता हे दाखवता आलं, तर चौथा प्रतिवादी भाचा. डीडमध्ये नाव नाही, नफ्यात वाटा नाही, तरी त्याच्या घरावर आणि खात्यावर बोट ठेवता येतं. कार्ड कुणाकुणाच्या हातात गेलं ते मला ठाऊक नव्हतं, हा बचावही चालत नाही. कलमाने तो आधीच नाकारला आहे. याला मर्यादाही आहे. हे उधारी देणाऱ्यापुरतं आहे, आणि त्याचा विश्वास त्या सांगण्यावर बसलेला असावा लागतो. भाचा पगारी आहे हे व्यापाऱ्याला आधीपासून माहीत असेल तर हे कलम त्याच्या उपयोगाचं नाही.

मामांना एवढं सांगितल्यावर कार्ड ‘खरेदी व्यवस्थापक’ असं छापलं. इंग्रजी बाजूलाही मॅनेजर. भाचा थोडा हिरमुसला, पण ते त्याच्याच भल्याचं होतं.

इंग्रजी ‘पार्टनर’ दरवेळी भागीदार नसतोच. मोठ्या कंपनीतला एचआर बिझनेस पार्टनर हा मनुष्यबळ विभागातला नोकर माणूस. त्याला ‘व्यवसाय भागीदार’ केलं की वाचणाऱ्याला कंपनीत त्याचा वाटा आहे असं वाटतं. फ्लॅट विकणारा चॅनल पार्टनर हा बिल्डरचा भागीदार नाही, तो एजंट आहे. मराठीत ‘महारेरा नोंदणीकृत एजंट’ आणि खाली नोंदणी क्रमांक हे जास्त खरं आणि गिऱ्हाइकाच्याही कामाचं. ज्या पार्टनरचं नाव करारात आहे, तिथे भागीदार बिनधास्त लिहावं. कारभार बघणारा असेल तर व्यवस्थापकीय भागीदार. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, असेल तर डेझिग्नेटेड पार्टनर हे वेगळं पद आहे. कायद्याने असे निदान दोघं लागतात आणि कायदेशीर पूर्ततेची जबाबदारी त्यांच्यावर असते. ते पदनिर्देशित भागीदार. विशेषण लांब आहे म्हणून गाळू नये, फाँट एक पॉइंटने कमी करावा.

आणि तक्ता उलटा वापरण्याबद्दल. मागच्या वर्षी एका दुकानदाराने जुनं मराठी कार्ड आणून दिलं, इंग्रजी करायला. नावाआधी ‘प्रो. प्रा.’ होतं, दुकानांच्या पाट्यांवर असतं तसं, म्हणजे प्रोप्रायटर. आमच्या डीटीपीच्या नव्या मुलाने दोन्ही तुकडे वेगळे वाचले आणि इंग्रजी बाजूला सुरुवातीलाच ‘प्रोफेसर’ टाकलं. ‘प्रा.’ म्हणजे प्राध्यापक हे त्याला कॉलेजपासून पाठ होतं. प्रूफ मालकांकडे गेलं. त्यांनी ते फ्रेम करून काउंटरमागे लावलं आहे, आणि खरी कार्डं ‘प्रोप्रायटर’ अशी छापून नेली.