सभा रेकॉर्ड व्हायलीय, आता बोला

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटची मीटिंग म्हणजे गेल्या मीटिंगला कोण काय बोललं यावर भांडायची हक्काची जागा. "मी तसं म्हणालोच नव्हतो" हे वाक्य प्रत्येक मजल्यावर पाठ आहे. शेवटी सेक्रेटरी म्हणून (पगार शून्य, शिव्या भरपूर) मीच ठरवलं की मोबाईलवर अख्खी मीटिंग रेकॉर्ड करायची, तिचं टेक्स्ट करायचं आणि कुणी पलटी मारली की शब्द टाकून तिथल्या तिथं शोधून दाखवायचं.

रेकॉर्डिंगची तयारी जोरदार केली. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन रंगात कुणाचातरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तिथंच बसतं. फोनखाली घडी घातलेला टॉवेल, कारण टेबलावर चहाचा कप ठेवला की तो धक्का थेट माईकमध्ये जातो. डोक्यावरचा पंखा बंद, यावरच पहिलं भांडण झालं. फोनपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं पडतो, म्हणून सगळ्यांना जवळ बसा म्हणालो, तर नेहमी कोपऱ्यातून कुजबुजणारे अजूनच मागं सरकले.

टेक्स्टसाठी व्हिस्पर वापरलं. ओपनएआयनं 2022 मध्ये फुकट खुला केलेला प्रोग्रॅम, आपल्याच लॅपटॉपवर चालतो, काकूंची ओल आणि मामांची थकबाकी घराबाहेर जात नाही. पण याची एक खोड आहे. भाषा सांगितली नाही तर तो पहिली 30 सेकंद ऐकतो आणि पुढची सगळी फाईल त्याच भाषेतली आहे असं धरून चालतो. आता आमची पहिली 30 सेकंद म्हणजे हुबळीकडचे अण्णा दारात उभे राहून "बर्री, कूड्री" म्हणायलेत. झालं! काकूंचं "माझ्या भिंतीला ओल येतीया" सुद्धा कन्नड लिपीत आलं, ते वाचायला परत अण्णांनाच बोलवायला लागलं, आणि ते वाचताना काकूंच्या आवाजात वाचत होते.

मग भाषा आपणच सांगायची:

```
whisper sabha.m4a --model medium --language mr
```

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपला यात मीटिंगपेक्षा जास्त वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. सकाळी मराठी बऱ्यापैकी आलं होतं, पण अण्णांचं लिफ्टवरचं भाषण देवनागरीत मंत्रासारखं उमटलेलं, अर्थ काही नाही. तेवढा तुकडा कापून कन्नड म्हणून परत चालवला:

```
ffmpeg -i sabha.m4a -ss 00:41:00 -t 00:06:00 anna.wav
whisper anna.wav --model medium --language kn
```

या तुकड्याची घड्याळवेळ शून्यापासून सुरू होते, त्यात 41 मिनिटं आपण मिळवायची. आणि अर्धं वाक्य मराठी अर्धं कन्नड बोलणाऱ्या मामांवर इलाज नाही. त्यांच्यावर तसाही नाहीच.

करंट गेल्यावर सगळे गप्प चहा पीत बसले होते, त्या जागी टेक्स्टमध्ये "धन्यवाद धन्यवाद धन्यवाद" अशी रांग. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही, त्यामुळं लगेच कळलं. हा प्रोग्रॅम शांततेत कधी कधी मनानंच वाक्यं घालतो. एकच ओळ परत परत दिसली की आधी ती जागा ऐकून बघायची.

आता व्हिस्परनं बनवलेल्या एसआरटी फाईलमध्ये शोधायचं. "टाकी" टाकलं तर "टाक्या" सुटतात, "पाणी" टाकलं तर "पाण्याचं" सापडत नाही, म्हणून शब्दाचं मूळ तेवढं द्यायचं:

```
grep -n "टाक" sabha.srt
```

यात "पैसे टाका" पण येतं, असूदे की, तेही आमच्याकडं महत्त्वाचंच. टाकी साफ करायला काकू किती देणार म्हणाल्या, तर टेक्स्टमध्ये "तेरा हजार"! काकू खवळल्या. एसआरटी फाईलमध्ये प्रत्येक ओळीला वेळ असते, ती बघून तेवढंच सगळ्यांसमोर वाजवलं, तर "तीन हजार" स्वच्छ ऐकू आलं. आकडा आणि नाव आलं की टेक्स्टवर अजिबात विश्वास ठेवत नाही मी, ते फक्त जागा शोधायला, निकाल आवाजावरच.

कोण बोललं हेही तो लिहित नाही. बोलायच्या आधी नाव सांगा म्हणालो, तर सगळे "मी बोलतोय". म्हणून आता प्रत्येक निर्णय झाल्यावर फोनजवळ मीच मोठ्यानं म्हणतो, "ठराव, टाकीचे तीन हजार, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू." नंतर "ठराव" शोधलं की सगळे निर्णय एकाखाली एक.

हे लोकांना लगेच समजलं. गेल्या मीटिंगच्या टेक्स्टमध्ये "ठराव" शोधलं तर पहिलाच सापडला, "ठराव, पंखा लावा", आणि त्याच्यानंतरचं सगळं पंख्याच्या आवाजात गेलंय.