आईच्या पर्समध्ये टॉर्च का जळत राहिली : एका प्रतिक्रियेला उत्तर

> "दादा, तुमची पोस्ट वाचून आईच्या आयफोनवर मागे दोनदा टकटक केलं की टॉर्च असं लावून दिलं. दोन दिवसांत तीन वेळा टॉर्च पर्समध्येच जळत राहिली, फोन गरम. कॅमेऱ्यासाठी साइड बटन दोनदा दाबायचं लिहिलंय म्हणून ती दाबत बसली तर थेट 112 ला कॉल लागला, बिचारी घाबरून गेली. आणि माझ्या सॅमसंगमध्ये तर बॅक टॅप सापडतच नाही. स्क्रीन सरकवून टॉर्च लावायला असा काय वेळ लागतो? न तपासता लिहू नका."

फोनच्या मागे टकटक करून, म्हणजे बॅक टॅपने, आणि साइड बटनाने टॉर्च, कॅमेरा पटकन कसा उघडायचा यावरच्या माझ्या पोस्टखाली आलेली ही प्रतिक्रिया. ताई, आधी आईंची माफी मागतो, आणि बटनाचं पहिलं सांगतो कारण ती सरळ माझी चूक आहे. साइड बटन दोनदा दाबून कॅमेरा उघडणं हे अँड्रॉइडचं आहे, आयफोनवर तसं होत नाही, आणि मी पोस्टमध्ये दोन्ही फोन एकाच परिच्छेदात कोंबले आणि हा फरक लिहिलाच नाही. आईंनी दोनदा दाबलं, कॅमेरा आला नाही, मग माणूस काय करतो, परत दाबतो. आणि भारतात वापरताना आयफोनचं साइड बटन लागोपाठ तीनदा दाबलं की इमर्जन्सी कॉल सुरू होतो. बाहेरच्या बऱ्याच देशांत तेच पाचदा दाबावं लागतं, आपल्याकडे तीनदा, कारण 2016 साली केंद्र सरकारने मोबाइलमधल्या पॅनिक बटनाचा नियम केला त्यात स्मार्टफोनसाठी पॉवर बटन पटापट तीनदा असंच ठरलंय. म्हणजे आईंच्या हातून काही चुकलं नाही, फोनने त्याला सांगितलेलंच केलं.

आता याच्यावरचा उपाय ॲक्सेसिबिलिटीमध्येच आहे. `Settings > Accessibility > Accessibility Shortcut` मध्ये जा, एकदम खाली असतं, आणि तिथे फक्त `Magnifier` ला टिक करा. मग साइड बटन तीनदा दाबलं की भिंग उघडतं, आणि हा शॉर्टकट चालू असला की इमर्जन्सी कॉलसाठी साइड बटन आणि आवाजाचं एक बटन एकत्र दाबून धरावं लागतं. हे आईंना नीट सांगून ठेवा हं, खरंच गरज पडली तर ही दोन बटनं एकत्र दाबून धरायची म्हणून, नाहीतर ऐनवेळी त्या तीनदाच दाबून वाट बघत बसतील. त्या यादीत टॉर्च किंवा कॅमेरा शोधू नका, तिथे ते नसतंच, तिथे व्हॉइसओव्हर, भिंग, असिस्टिव्हटच अशाच गोष्टी असतात. पण भिंगाच्या स्क्रीनवर टॉर्चचं स्वतःचं बटन आहे, त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी वाचायची असेल तर अक्षर मोठं पण होतं आणि उजेडही पडतो. दोन गोष्टींना टिक केलंत तर मात्र प्रत्येक वेळी आधी मेनू येईल की कुठलं हवंय, म्हणून एकच ठेवा.

आता पर्समधली टॉर्च. बॅक टॅपसाठी मागे वेगळं बटन वगैरे काही नसतं, फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सर ठोक्याचा झटका पकडतो आणि दोन झटके ठराविक अंतराने आले की फोन समजतो टकटक झाली. किल्ल्या, पाण्याची बाटली, डबा, असं कशावर तरी फोन आपटला तरी झटका तसाच. पण स्क्रीन बंद असेल तर बॅक टॅप चालत नाही, म्हणजे आईंच्या बाबतीत काय होत असणार, की बोलून झालं, स्क्रीन चालूच आहे आणि फोन तसाच पर्समध्ये टाकला, पुढचे काही सेकंद स्क्रीन जागी असते आणि तेवढ्यात पर्स खांद्याला आपटली. दुसरं कारण म्हणजे फोन उचलला की स्क्रीन आपोआप उजळते ते, `Raise to Wake`. ते `Settings > Display & Brightness` मध्ये बंद करता येतं, पण मग घड्याळ बघायलाही बटन दाबावं किंवा स्क्रीनवर टॅप करावं लागेल, आईंना ते चालेल का ते विचारून करा.

माझ्या मते आईंच्या फोनवर असं करा. `Settings > Accessibility > Touch > Back Tap` मध्ये `Double Tap` ला `None` आणि `Triple Tap` ला `Torch`. चुकून दोन ठोके बसणं सोपं आहे, तीन एका तालात बसणं बरंच अवघड. शिकवताना फोन टेबलावर नको, हातात धरायला सांगा आणि बोटाच्या पेराने ठोकायला सांगा, लोगोवरच ठोकायला हवं असं काही नाही. कव्हर खूप जाड असेल किंवा मागे रिंग चिकटवलेली असेल तर ठोका नीट पोचत नाही, मग एकदा कव्हर काढून बघा म्हणजे दोष सेटिंगचा की कव्हरचा ते लगेच कळेल. आणि पर्समध्ये टाकायच्या आधी साइड बटन एकदाच दाबून स्क्रीन बंद, ही सवय लावा. टॉर्च आपोआप विझत नाही, परत तीन ठोके द्यावे लागतात किंवा टॉर्चच्या चिन्हावरून बंद करावी लागते.

सरकवून काय वेळ लागतो हे तुमचं बरोबर आहे, दोन्ही हात मोकळे असतील तर आयफोनच्या लॉक स्क्रीनवर खाली डावीकडे टॉर्चचं चिन्ह असतंच, ते दाबून धरलं की झालं. मला बॅक टॅप लागतो तो जिन्यातली लाइट गेलेली असते, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन आणि कुलूप उघडायचंय, तेव्हा. सरकवायला वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचत नाही पण मागचं बोट मोकळंच असतं.

स्क्रीनशॉट मात्र आईंच्या फोनवर बॅक टॅपला देऊ नका. टॉर्च चुकून लागली तर दिसते तरी, स्क्रीनशॉट चुकून निघाला तर गॅलरीत जाऊन पडतो, त्यात ओटीपी असेल, खात्यातली शिल्लक असेल, आणि फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तिकडेही जातो. माझ्या स्वतःच्या फोनवर मी तो दोन ठोक्यांना ठेवलाय कारण पेमेंट झाल्याची स्क्रीन एका हाताने पकडता येते, पण मी आठवड्याला गॅलरी साफ करतो.

तुमच्या सॅमसंगचं. सेटिंगमध्ये बॅक टॅप नाही हे खरंय, मी "बहुतेक फोनमध्ये असतं" असं सरसकट लिहिलं होतं. गॅलेक्सी स्टोअरमधून `Good Lock` घ्या, त्यात `RegiStar` नावाचा भाग आहे, त्यात `Back-Tap action` मिळेल. कॅमेऱ्याला मात्र त्याची गरजच नाही, `Settings > Advanced features > Side button` मध्ये दोनदा दाबण्याला कॅमेरा देता येतो आणि तो स्क्रीन बंद असतानाही उघडतो. फक्त त्याआधी `Safety and emergency` मध्ये जाऊन तुमच्या फोनवर किती वेळा दाबलं की कॉल जातो ते बघा, दोनदा दाबून कॅमेरा आला नाही तर तिसऱ्यांदा लगेच दाबू नका, दोन सेकंद थांबा आणि मग परत.

आज जेवणानंतर पोस्टमधला तो परिच्छेद तोडून आयफोन आणि अँड्रॉइड वेगळे करतो, आणि तीनदा दाबण्याची सूचना अगदी वरती टाकतो. आईंना तीन ठोके जमतात का ते कळवा, आणि जमत नसेल तर कव्हर कसलं आहे तेही लिहा.