प्रतिक्रियेला उत्तर : चपलेचं बिल, करांची विभागणी आणि एचएसएनचा दर

«लेख उगाच अवघड केला आहे. बिलाच्या शेवटी एकूण कर काढा, गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर दोनाने भागा, बाहेरचं असेल तर सगळा आयजीएसटी. एचएसएनचा दर पोर्टल तपासतंच. चपलेच्या दुकानाला एवढा खटाटोप कशाला?»

नमस्कार. कराची विभागणी आणि एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गाच्या कोडाचा दर, बिलाच्या प्रत्येक ओळीवर तपासावा, असं मी लेखात म्हटलं होतं. चपलेचं दुकान घेतलंत ते बरं केलंत, कारण तुमची पद्धत तिथेच पटकन अडकते.

कोल्हापूरच्या दुकानाने पुण्याच्या व्यापाऱ्याला माल दिला असं धरू. १,४५० रुपयांचे सहा जोड, २,८०० चे दोन आणि लहान मुलांचा २४९ चा एक, सगळे भाव कराशिवाय. पहिल्या ओळीवर ५ टक्क्यांनी ४३५ रुपये कर, दुसरीवर १८ टक्क्यांनी १,००८. दोन्ही नीट निम्मे होतात. तिसऱ्या ओळीचा कर १२.४५ आणि त्याचा निम्मा ६.२२५. आता एका बाजूला ६.२३ आणि दुसऱ्या बाजूला ६.२२ टाकलंत तर बेरीज जुळते, पण केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी सारखे राहत नाहीत. हे दोन कर दोन वेगळ्या कायद्यांखाली लागतात आणि प्रत्येकाचा दर करपात्र किमतीवरच चालतो. म्हणून २४९ वर अडीच टक्के दोनदा काढायचे : ६.२३ आणि ६.२३, मिळून १२.४६. हाच जोड बेळगावला गेला तर आयजीएसटी १२.४५. हा एका पैशाचा फरक चूक नाही, तो बुजवायला जाऊ नका.

गिऱ्हाईक कुठलं, एवढ्यावरही भागत नाही. बेळगावच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने ऑर्डर दिली आणि माल परस्पर पुण्यातल्या त्याच्या गिऱ्हाइकाकडे पाठवायला सांगितला, असं नेहमी घडतं. माल महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही, तरी आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ब) प्रमाणे पुरवठ्याचं ठिकाण बेळगाव, म्हणजे राज्य कोड २९, आणि कर आयजीएसटी. माल पोचवण्याचा पत्ता पाहून सीजीएसटी-एसजीएसटी लावलात तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे योग्य कर नव्याने भरून आधीच्या कराचा परतावा मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण पैसे अडकून पडतात. म्हणून आधी पुरवठ्याचं ठिकाण ठरवायचं, मग कराचा प्रकार, आणि रक्कम त्यानंतर.

पोर्टलबद्दल. पाच कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या दुकानाला ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागूच नाही, म्हणजे त्याचं बिल तिथे जातच नाही. जातं त्यांच्याबाबतीतही पोर्टल पाहतं ते कोड अस्तित्वात आहे का आणि दर मान्य दरांपैकी आहे का. त्या वस्तूला तोच दर लागतो का, याची खात्री ते देत नाही. चामड्याच्या चपलांच्या ६४०३ या एकाच कोडाला दोन दर आहेत, आणि ते जोडाच्या किमतीवर आणि तारखेवर ठरतात :

```
hsn   from        unit_value  rate
6403  2022-01-01  <= 1000     12
6403  2022-01-01  >  1000     18
6403  2025-09-22  <= 2500      5
6403  2025-09-22  >  2500     18
```

यात unit_value म्हणजे एका जोडाची, सूट वजा केलेली, कर न धरलेली किंमत. ओळीची एकूण रक्कम घेतलीत तर १,४५० चे सहा जोड ८,७०० म्हणून १८ टक्क्यांत जातील. ही चूक मला सर्वात जास्त वेळा दिसते. उलट २,८०० चा जोड बिलातच सूट देऊन २,४५० ला विकला तर ५ टक्के बरोबर आहेत. तारीखही हवीच : ऑगस्ट २०२५ मध्ये १,४५० चा जोड १८ टक्क्यांनी गेला आणि आज परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या १८ टक्क्यांनीच निघते.

आता ज्यासाठी मी ही तपासणी ओळीत ठेवायचा आग्रह धरतो ते सांगतो. बहुतेक दुकानांत जोडावर करासह किंमत छापलेली असते. समजा ती २,८०० आहे. १८ टक्के धरून कर वजा केला तर मूळ किंमत २,३७२.८८ येते. ती अडीच हजारांच्या आत आहे, म्हणजे दर ५ हवा. ५ टक्के धरून वजा केला तर २,६६६.६७ येते. ती अडीच हजारांच्या वर आहे, म्हणजे दर १८ हवा. कुठलाच दर टिकत नाही. ५ टक्क्यांत करासह किंमत जास्तीत जास्त २,६२५ होऊ शकते आणि १८ टक्क्यांत ती २,९५० च्या वरच सुरू होते. मधल्या पट्ट्यात करासह किंमत नियमात बसतच नाही.

दरांच्या मास्टर यादीत ६४०३ समोर १८ लिहून ठेवलेला प्रोग्राम इथे २,३७२.८८ वर १८ टक्के लावून बिल छापतो. त्याच्या लेखी बेरीज बरोबर असते, पण गिऱ्हाइकाकडून जास्त दराने कर घेतलेला असतो. २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंतची करासह किंमत आली की ओळ तिथेच थांबवायची आणि दुकानदाराला विचारायचं : किंमत २,६२५ पर्यंत खाली आणायची, की २,९५० च्या वर न्यायची. हा निर्णय त्याचा आहे, आणि तो बिल छापण्याआधीच झाला पाहिजे.